मदत हवी आहे: बेज थिअरम, उत्तर 50/97 कसं आलं? उद्या शीट द्यायचीय

विश्रामबाग_स्वाती
कुणीतरी लवकर सांगा प्लीज, सकाळी सातला हिचा क्लास आहे. मुलीची प्रोबॅबिलिटीची शीट आहे, कंडिशनल आणि बेज थिअरम, सगळं ट्री काढून करायचंय. बाकीची गणितं झाली, एकावर अडलंय. बेदाण्याच्या पेट्या तीन कोल्ड स्टोरेजमधून येतात, अ मधून 50 टक्के, ब मधून 30, क मधून 20. खराब निघायचं प्रमाण अ चं 2 टक्के, ब चं 3, क चं 5. दोन पेट्या उघडल्या, दोन्ही खराब, तर क ची शक्यता किती. हिचं उत्तर 100/841 येतंय आणि शीटच्या मागं 50/97 छापलंय. उत्तर चुकीचं छापलंय का तेवढं सांगा म्हणजे ती झोपेल तरी.

मिरज_जंक्शन
कितवीला आहे? स्टेट बोर्ड की सीबीएसई?

विश्रामबाग_स्वाती
बारावी सायन्स, स्टेट बोर्ड. त्यानं गणितात काय फरक पडतो?

मिरज_जंक्शन
पडतो ना ताई. स्टेट बोर्डला बेज अकरावीला असतो, बारावीला बायनॉमियल. दोन पेट्या, दोन्ही खराब, म्हणजे हे बायनॉमियलचंच गणित आहे, n=2 घ्या आणि p काढा, ट्रीची गरजच नाही. आणि खरं सांगू का, सीईटीला अकरावीचं वेटेज 20 टक्केच आहे, इंटिग्रेशन पक्कं करा म्हणावं आधी, आमच्या पोरानं ह्या असल्या शीटमध्ये दिवाळी घालवली आणि इंटिग्रेशन राहिलं ते राहिलंच.

विश्रामबाग_स्वाती
अहो सीईटीच्याच क्लासची शीट आहे, त्यात अकरावीचा पोर्शन आहे. इंटिग्रेशनचं नंतर बघू, आत्ता हे सांगा.

फॉर्म्युला_पक्का
तुमच्या मुलीचं बरोबर आहे, उत्तर चुकीचं छापलंय. एक पेटी खराब निघाली तर ती क मधली असण्याची शक्यता बेजने 10/29 येते, वर 0.2 × 0.05 म्हणजे 0.010, खाली 0.010 + 0.009 + 0.010 म्हणजे 0.029. दोन पेट्या म्हणून त्याचा वर्ग, 100/841. संपला विषय. मी कायम सांगतो, ट्रीच्या नादाला लागूच नका, फॉर्म्युला पाठ करा, ट्री काढताना फांद्या वाढतात आणि वेळ जातो.

विश्रामबाग_स्वाती
थँक्यू, हिनं पण असंच केलंय. मग क्लासला कळवते उत्तर चुकलंय म्हणून.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
थांबा, कळवू नका अजून. शीटवरचं वाक्य जसंच्या तसं टाका. दोन पेट्या कुठनं काढल्यात? ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं गणित त्याच्यावर आहे.

विश्रामबाग_स्वाती
लिहिलं की गुरुजी, तीन कोल्ड स्टोरेजमधून. बरं थांबा, शीट इंग्रजीत आहे, मराठीत करून लिहिते. "एका व्यापाऱ्याकडे एक मोठा लॉट येतो. तो अ, ब, क यांतून येण्याची शक्यता 0.5, 0.3, 0.2. त्या लॉटमधल्या दोन पेट्या उघडल्या, दोन्ही खराब निघाल्या. लॉट क मधून आला असण्याची शक्यता काढा." हेच तर मी वर लिहिलंय ना.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
नाही ताई, इथं "एक लॉट" आलं. दोन्ही पेट्या एकाच लॉटमधल्या, म्हणजे एकाच कोल्ड स्टोरेजमधल्या. छापलेलं 50/97 बरोबर आहे.

मुलीला ट्री पुन्हा काढायला सांगा. पहिल्या ठिकाणी तीन फांद्या, अ ब क. त्यातल्या प्रत्येकीवर पहिली पेटी, खराब किंवा चांगली. खराबच्या टोकाला पुन्हा दुसरी पेटी, खराब किंवा चांगली. आपल्याला लागणाऱ्या वाटा तेवढ्या लिहितो:

```
अ 0.5 -- खराब 0.02 -- खराब 0.02 = 0.00020
ब 0.3 -- खराब 0.03 -- खराब 0.03 = 0.00027
क 0.2 -- खराब 0.05 -- खराब 0.05 = 0.00050
                          बेरीज = 0.00097
```

आता क ची वाट भागिले बेरीज, 0.00050 / 0.00097, म्हणजे 50/97, निम्म्याहून जरा जास्त.

10/29 चा वर्ग केला तर काय होतं ते बघा. 10/29 मध्ये 0.2 आधीच गुणलेला आहे. वर्ग केला की 0.2 दोनदा गुणला जातो, म्हणजे कोल्ड स्टोरेज दोनदा निवडलं असा अर्थ होतो. इथं ते एकदाच निवडलंय, पेट्या दोन उघडल्यात. ट्रीमध्ये हे डोळ्यांना दिसतं, अ ब क चा फाटा एकदाच येतो. फॉर्म्युल्यात घालून वर्ग केला की दिसत नाही.

फॉर्म्युला_पक्का
गुरुजी मान राखून सांगतो, खराब पेट्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. एकूण खराब निघायची शक्यता 0.029, दोन्ही खराब म्हणजे 0.029 चा वर्ग 0.000841. तुमचं 0.00097 येतंय. इंडिपेंडंट घटनांचा गुणाकार होतो हे तर मान्य आहे ना?

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
इंडिपेंडंट आहेत हे एकदा कोल्ड स्टोरेज ठरल्यावर. क मधलाच लॉट आहे हे माहीत असेल तर पहिली खराब निघाली काय न निघाली काय, दुसरीची शक्यता 0.05 च. पण कुठला लॉट आहे हेच माहीत नाही तेव्हा पहिली खराब निघाली की क चा संशय 0.2 वरून 10/29 वर जातो, आणि मग दुसरी खराब निघायची शक्यता पण वाढते. 0.00097 ला 0.029 ने भागा, 0.0334 येतं. 0.029 पेक्षा जास्त. इंडिपेंडंट असत्या तर 0.029 च आलं असतं.

तुमचं 100/841 दुसऱ्या एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. दोन वेगवेगळे लॉट आले, दोन्हीतली एकेक पेटी खराब निघाली, तर दोन्ही लॉट क चे असण्याची शक्यता किती. स्वातीताईंनी आधी जसं लिहिलं होतं त्यावरून तो अर्थ पण निघत होता.

फॉर्म्युला_पक्का
म्हणजे माझं उत्तर लिहिलेल्या प्रश्नाला बरोबरच होतं. आणि तुमच्या पद्धतीला पण शेवटी फॉर्म्युलाच लागला की, वरचं भागिले खालचं. ट्री ही फक्त मांडणी आहे, मार्क फॉर्म्युल्याला मिळतात.

कृष्णाकाठ_पुणे
मला ट्री पण नको वाटतो आणि फॉर्म्युला पण. मी विम्यात काम करते, नव्या पोरांना हे शिकवताना टक्के काढूनच टाकते. एक लाख लॉट आले समजा. अ चे 50,000, ब चे 30,000, क चे 20,000. प्रत्येकातल्या दोन पेट्या उघडल्या. दोन्ही खराब असे अ चे 20 लॉट निघतील, ब चे 27, क चे 50. एकूण 97, त्यातले क चे 50. पॉइंटनंतरची शून्यं मोजायची भानगड नाही. ताई, मुलीला ट्रीच्या प्रत्येक टोकाला हे आकडे लिहायला सांगा, ट्री पण झाला आणि ताळा पण झाला.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
हे चांगलं आहे, पण ताळ्यापुरतं. पेपरात फांदीवर शक्यताच लिहायची. आणि एका ठिकाणाहून निघणाऱ्या फांद्यांची बेरीज 1 येते का ते प्रत्येक फाट्यावर बघायचं. माझ्या वर्गात निम्मी पोरं दुसऱ्या फांदीवर 0.05 च्या जागी 0.01 लिहायची, म्हणजे गुणाकार आधीच करून फांदीवर टाकायची आणि परत 0.2 ने गुणायची. बेरीज बघितली की 0.01 + 0.95 असं काहीतरी दिसतं आणि चूक तिथंच सापडते.

विश्रामबाग_स्वाती
मुलगी विचारते, पहिली पेटी झाल्यावर 10/29 आलं, तेच पुढं वापरता येईल का? तिला पूर्ण ट्री परत काढायचा कंटाळा आलाय.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
येईल, हुशार आहे पोरगी. पहिल्या पेटीनंतर अ, ब, क च्या शक्यता 10/29, 9/29, 10/29 झाल्या. आता ह्याच पहिल्या फांद्या समजून नवीन छोटा ट्री काढायचा, 0.5, 0.3, 0.2 विसरायचं. दुसरी पेटी खराब, म्हणून 10 गुणिले 2, 9 गुणिले 3, 10 गुणिले 5. म्हणजे 20, 27, 50. बेरीज 97. तेच उत्तर. 29 सगळ्यांच्या खाली आहे म्हणून कटतो. फक्त अ चे 10/29 विसरू नको म्हणावं, क चे आणि अ चे सारखे आलेत म्हणून पोरं एक गाळतात.

बेदाणा_तासगाव
नमस्कार मंडळी, गणितातलं मला फार कळत न्हाई पण पेट्यांचं कळतंय, आमचा हाच धंदा. हे 5 टक्के खराब, मग दुसरी पण 5 टक्केच, हे तसं नसतंय. 15 किलोची पेटी असती, खराब व्हायला लागली तर एकटी होत न्हाई. चेंबरला ओल लागली, न्हाईतर लाईट जाऊन गारवा कमी झाला, तर त्या थप्पीतल्या सगळ्याच पेट्यांचा माल चिकटतो. सौद्याला आम्ही एक पेटी फोडतो, ती खराब निघाली की त्याच थप्पीतली दुसरी फोडत न्हाई, लांबची फोडतो. शेजारची पण खराब निघणारच हे माहीत असतंय. मग ते 0.05 गुणिले 0.05 कसं काय?

फॉर्म्युला_पक्का
दादा, हे पुस्तकातलं गणित आहे, तिथं चेंबर ओला होत नसतो.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
नाही नाही, त्यांचा मुद्दा अगदी योग्य आहे. मी वर म्हणालो की कोल्ड स्टोरेज ठरल्यावर पेट्या इंडिपेंडंट, ते शीटमध्ये कुठंही लिहिलेलं नाही, आपण धरून चाललोय. "मोठा लॉट" लिहिलंय त्यानं एवढंच होतं की एक पेटी काढल्यावर टक्का बदलत नाही. शेजारच्या पेट्या एकत्र खराब होत असतील तर क च्या वाटेवर दुसरी फांदी 0.05 नाही, समजा 0.6 येईल. अ आणि ब ची पण तशीच वाढेल. सगळीकडं 0.6 धरली तर दुसऱ्या पेटीनं नवीन काहीच कळत नाही, उत्तर परत 10/29 वरच राहतं.

कृष्णाकाठ_पुणे
सगळीकडं सारखी 0.6 कशी धरणार पण? ओल लागायचं कारण कोल्ड स्टोरेजनुसार वेगळं असेल. आमच्याकडं पुराचे क्लेम असेच येतात, 2019 ला सांगलीत एका गल्लीतला एक क्लेम आला की बाकीचे येणारच हे धरावं लागत होतं, घराघराची शक्यता गुणून चालतच नव्हतं.

बेदाणा_तासगाव
पुराचं काढू नका, त्या साली आमचा माल सांगलीत होता.

मिरज_जंक्शन
ताई, बायनॉमियलचं कुणी बघितलंच नाही. क ठरल्यावर n=2, p=0.05, दोन्ही खराब 0.0025. बरोबर बसतंय.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
क ठरल्यावर बसतंय, हो. तिन्हींचा मिळून एकच p घेऊन बसत नाही.

विश्रामबाग_स्वाती
हिनं छोटा ट्री काढला, 50/97 आलं. बेदाणावाल्या दादांचं म्हणणं पण खाली लिहू का विचारते, सर चिडतील का?

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर
लिहू दे. उत्तराच्या आधी एक ओळ, "लॉट ठरल्यावर पेट्या परस्परांवर अवलंबून नाहीत असे गृहीत धरले आहे." तेवढं पुरे. सर चिडायचे नाहीत.

फॉर्म्युला_पक्का
पेपरात ही ओळ लिहीत बसू नका एवढंच सांगतो, एमसीक्यूला जागाच नसते.