मदत हवी आहे : 'दंडवत प्रणाम'ला काउंटरवरून काय उत्तर द्यावं?

सोलापूरची पाहुणी

नमस्कार मंडळी. बँकेत नोकरीला आहे. बदली होऊन अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या एका शाखेत आलेय. रिद्धपूर जवळ असल्यामुळे महानुभाव पंथाची बरीच माणसं कामाला येतात. घरगृहस्थीवाले शेतकरी असतात, तसे आश्रमातले बाबा आणि संन्यासिनीही असतात. काउंटरशी आले की आधी हात जोडून "दंडवत प्रणाम", पासबुक त्यानंतर. इतक्या मनापासून म्हणतात की नुसतं "हां, बोला" म्हणणं जिवावर येतं.

अडचण माझ्या बाजूची आहे. मी मुसलमान घरातली. दंडवत घालायचा तो फक्त अल्लाहपुढे, हे लहानपणापासून मनात पक्कं आहे. कुणाला दुखवायचं नाहीये. पण जे मनात नाही ते तोंडदेखलं म्हणायचं, तर तीही त्या माणसाची फसवणूकच की.

शेजारच्या काउंटरवरचा सहकारी गजानन महाराजांचा भक्त आहे. तो येईल त्याला "जय गजानन" म्हणतो. परवा एका वयस्क बाबांनी त्याला "दंडवत प्रणाम" म्हटलं, याने "जय गजानन" केलं. बाबा हसले, पुन्हा एकदा "दंडवत" म्हणाले आणि पैसे काढायची स्लिप पुढे सरकवली. ते गेल्यावर हा म्हणतो, "किती ताठ माणूस!" मला ते ताठ वाटले नाहीत, पण दोघांचं काहीतरी हुकलं एवढं नक्की.

तर काय म्हणू? तेच शब्द परत म्हणायचे, की "नमस्कार" पुरतो? शिवाय शाखेच्या व्हॉट्सॲप नंबरावरही "दंडवत प्रणाम, केवायसीला कोणते कागद लागतात?" असे मेसेज येतात. तिथे तर हात जोडलेलेही दिसत नाहीत.

निवृत्त शाखाधिकारी

यात विचार करण्यासारखं काय आहे? गिऱ्हाईक जे म्हणेल तेच परत म्हणायचं. राम राम म्हणाला, राम राम म्हणा. जय जिनेंद्र म्हणाला, जय जिनेंद्र म्हणा. मी नोकरीभर हेच केलं, एक तक्रार आली नाही. शब्दच आहेत, काय जातंय आपलं?

गुडघेदुखी

ताई, माझाही हाच प्रश्न आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर देवळात दंडवत घालता येत नाही, डॉक्टर खाली बसू देत नाहीत. खुर्चीवरून हात जोडले तर चालतं, असं गुरुजी म्हणाले. तुम्हीही काउंटरमागे बसलेल्याच असता, तेव्हा उठायची गरज नाही.

सोलापूरची पाहुणी

काका, गुडघ्याची काळजी घ्या. माझा प्रश्न खाली बसण्याचा नाही, उत्तराचा आहे. :)

अंजनगावकर

ताई, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या महानुभाव, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शाखाधिकारी साहेबांचं. राम राम ठीक आहे, ते कधीच सगळ्यांचं झालंय. दंडवत प्रणाम तसं झालेलं नाही. आमच्यात अनोळखी माणसाने ते म्हटलं की समोरचा समजतो, हा आपल्यातला. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "उपदेश कोणाकडून घेतला?" आमच्या गावात एक नवीन ग्रामसेवक आले होते. त्यांनी आपुलकीने सगळ्यांना दंडवत प्रणाम सुरू केलं. आठवड्याभरात म्हाताऱ्या त्यांना विचारायला लागल्या की गुरू कोण, मार्गात कधी आलात. ते बिचारे गोरेमोरे. राग कुणालाच आला नाही, पण नंतर त्यांनी म्हटलेलं दंडवत कुणी फारसं मनावर घेईना. तेव्हा "काय जातंय" असं नाही, थोडं जातं.

आता तुमची मूळ धास्ती, की आम्हाला वाईट वाटेल. ताई, कुणापुढे झुकायचं याचं पथ्य आमच्याइतकं कोण पाळतं? चक्रधरस्वामींनी एका परमेश्वराचीच भक्ती सांगितली. आम्ही त्याचेच पाच अवतार, म्हणजे पंचकृष्ण मानतो, इतर देवतांची पूजा करत नाही. माझी आजी शेजारच्या सत्यनारायणाला जायची, सगळ्यांची चौकशी करायची, पण प्रसाद पुढे आला की हात जोडून "राहू द्या बाई" म्हणायची. शेजारीण सुरुवातीला रुसली. पुढे तिला कळलं, कारण तिचीच पोरं दुपारी आजीच्या चुलीपाशी जेवायला असायची. बाबा तुमच्या सहकाऱ्याला "जय गजानन" म्हणाले नाहीत ते यामुळेच. ताठपणा नव्हे, त्यांचं ते पथ्य. आणि असं पथ्य पाळणाऱ्याला तुमचं पथ्य समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझ्या मते "प्रणाम बाबा, या" हे उत्तर उत्तम. त्यांच्या दोन शब्दांतला एक तुम्ही उचललात, दंडवत बाजूला ठेवलंत. त्यांना आपलं अभिवादन पोचलं हे कळतं, आणि तुम्ही मार्गातल्या नाही हेही कळतं. प्रणामही नको वाटला तर "नमस्कार बाबा" म्हणा, काही बिघडत नाही. फक्त देवाचं दुसरं नाव घेऊन उत्तर देऊ नका. त्याने मात्र माणूस अडकतो. परत म्हणावं तर पथ्य मोडतं, न म्हणावं तर उर्मट दिसतो.

वऱ्हाडी पोट्टा

काही टेन्शन नका घेऊ बाप्पा. आपल्या इकडं माणूस शब्द कमी अन् तोंड जास्त पाहते. मान वर करून हासून "या बाबा" म्हटलं तरी काम होते. कम्प्युटरात डोळे घालून दंडवत म्हटलं त मंग काय कामाचं?

अंजनगावकर

हे शंभर टक्के. माणूस दुखावतो तो बहुतेक वेळा इथेच. बाबांनी हात जोडलेले असतात आणि आतून आवाज येतो, "खाते क्रमांक?" तुम्ही नोटा मोजत असाल तर मोजणं सोडू नका, पण मान वर करून "प्रणाम बाबा, एक मिनिट हं" एवढं म्हणा. दोन्ही हात मोकळे असतील तर जोडा, नसतील तर मान हलली तरी पुरे. एक व्यवहारातली गोष्ट : संन्यासी बाबांशी तुम्ही, आणि संन्यासिनींशी तुमच्या सहकाऱ्याने, हस्तांदोलनाला हात पुढे करू नये. अंगठा घ्यायचा असेल तर शाईचा पॅड त्यांच्याकडे सरकवा आणि जागा दाखवा, बोट धरून टेकवू नका.

मालवणी माणूस

आमच्याकडे तर देवळाबाहेरही "दंडवत" सर्रास म्हणतात, त्यात पंथबिंथ काही नाही. मला वाटतं तुम्ही लोक उगाच गुंता करताय. शब्द जुना मराठी आहे, सगळ्यांचा आहे.

अंजनगावकर

तुमच्याकडे असेल, वाद नाही. मोर्शीच्या काउंटरवर "दंडवत प्रणाम" ऐकलं की लोक महानुभावच समजतात. गावाप्रमाणे बघावं लागतं.

कामठीची

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या ऑफिसात लोक "जय भीम"ला असंच "नमस्कार, नमस्कार" करून बाजूला काढतात, आणि वर म्हणतात आम्ही न्यूट्रल. ते न्यूट्रल लागत नाही हो, टाळल्यासारखं लागतं. हे अभिवादन रूढ केलं ते आमच्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी, १९३०च्या दशकात. सुरुवातीला "जय भीम"ला "बल भीम" असं उत्तर द्यायची पद्धत त्यांनी काढली होती म्हणतात. पुढे दोन्हीकडून "जय भीम"च राहिलं. यात देव नाही, पूजा नाही. बाबासाहेबांना मान आहे, आणि समोरचा माझ्या बरोबरीचा आहे हे सांगणं आहे. त्याला "जय भीम" म्हणायला कुणाचा धर्म आड येतो? म्हणून "एक शब्द उचला, एक सोडा" ही युक्ती सगळीकडे वापरू नका.

निवृत्त शाखाधिकारी

म्हणजे मी म्हणत होतो तेच ना? तेच शब्द परत म्हणा.

कामठीची

जय भीमच्या बाबतीत हो. दंडवताच्या बाबतीत अंजनगावकरांचं पटलं. दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत, कारण एकात भक्ती आहे आणि एकात नाही.

वऱ्हाडी पोट्टा

पण ताई, एखाद्याले राजकारण वाटून तो "जय भीम" म्हणत नसन, अन् मनापासून नमस्कार करत असन, त त्याले आकसच हाय असं कसं म्हणता?

कामठीची

एकदा केलेल्या नमस्काराने नाही म्हणणार. पण तोच माणूस राम रामला राम राम म्हणतो आणि फक्त आमच्या वेळी त्याला न्यूट्रल राहणं आठवतं, तेव्हा म्हणणार. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या, माझा अनुभव मी सांगितला.

सोलापूरची पाहुणी

सगळ्यांचे आभार. जय भीमला मी जय भीमच म्हणते, त्यात मला कधी अडचण वाटली नाही.

आज "प्रणाम बाबा, या" करून पाहिलं. ज्या आजोबांना म्हटलं ते थांबले, माझ्या नावाची पाटी वाचली आणि म्हणाले, "बेटा, सलाम म्हणलं असतं तरी चाललं असतं." मग हयातीच्या दाखल्याचं काम काढलं. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नव्हतं, त्यात अर्धा तास गेला आणि अभिवादनाचा विषय दोघंही विसरलो.

सहकाऱ्याला आजीच्या प्रसादाची गोष्ट सांगितली. त्याचं म्हणणं, "जय गजानन माझ्या तोंडात बसलंय, ते मी काउंटरवर बसलो म्हणून का सोडू?" त्याचंही खोटं नाही, मला उत्तर सुचलं नाही.

व्हॉट्सॲपचं मात्र राहिलंच.

अंजनगावकर

सहकाऱ्याला सोडायला सांगू नका. पहिलं अभिवादन त्याचं असेल तर खुशाल जय गजानन म्हणू दे. समोरच्याने आधी हात जोडले असतील तेव्हा फक्त "नमस्कार" म्हटलं तरी भागेल. ऐकेल न ऐकेल, त्याची मर्जी.

मेसेजला नुसता जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवून थेट कागदांची यादी चिकटवू नका, ते यंत्राने पाठवल्यासारखं दिसतं. नाव घेऊन सुरुवात करा. आश्रमातून आलेला असेल तर असं :

"सादर प्रणाम बाबा. केवायसीसाठी आधार कार्ड, पॅन कार्ड आणि एक फोटो घेऊन या. पॅन नसेल तर फॉर्म ६० इथेच भरून घेऊ."

गृहस्थ असेल तर "सप्रेम नमस्कार" आणि पुढे तेच. शेवटी पुन्हा दंडवत आलं तर दरवेळी उत्तर द्यायला हवं असं नाही, "या, वाट बघते" पुरे. आणि भाद्रपद शुद्ध द्वितीयेला चक्रधरस्वामींचा अवतार दिन असतो. त्या दिवशी कुणी आलं तर "अवतार दिनाच्या शुभेच्छा" म्हणा. त्यात तुम्हाला काही मानावं लागत नाही.

गुडघेदुखी

फॉर्म ६० मराठीत मिळतो का?