ओस्वेगोची लाइन लिस्ट: भागायचं कशाने?

मृण्मयी_एमपीएच: असाइनमेंटला न्यूयॉर्कच्या ओस्वेगो काउंटीतली 1940 ची चर्चच्या जेवणातल्या विषबाधेची लाइन लिस्ट आहे, म्हणजे कोणी काय खाल्लं आणि कोण आजारी पडलं त्याची यादी. 75 जण, 46 आजारी. त्यातल्या 43 जणांनी व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेलं, म्हणून अटॅक रेट 43/46, म्हणजे 93 टक्के काढला. सर म्हणाले, चूक. शिवाय चॉकलेट आइस्क्रीमचा रिलेटिव्ह रिस्क 0.72 येतोय. चॉकलेटने वाचवलं असं लिहू का?

जुना_साथवाला: सरांचं बरोबर आहे. मीठ सगळ्यांच्याच पोटात गेलं असणार. तुझ्या पद्धतीने मिठाचा अटॅक रेट 100 टक्के येईल! आजाऱ्यांनी नाही, खाणाऱ्यांनी भाग. व्हॅनिला खाल्लेले 54, त्यांतले 43 आजारी: 79.6 टक्के. न खाल्लेले 21, त्यांतले 3: 14.3 टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की रिलेटिव्ह रिस्क 5.6.

आकडेमोड: एवढा खटाटोप कशाला? ऑड्स रेशो द्या. दोन्ही गटांत आजारी भागिले ठणठणीत काढा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा: (43×18)/(11×3) = 23.5. कसा ठसठशीत दिसतो!

जुना_साथवाला: गणित बरोबर, पण ठसठशीत दिसतो हीच अडचण. इथे निम्म्याहून जास्त लोक आजारी पडलेत, अशा वेळी ऑड्स रेशो फुगतो. वाचणारा 'धोका तेवीस पट' असं वाचणार.

होस्टेलकर: आमच्या मेसमध्ये पनीर बाधलं होतं. रजिस्टरमध्ये 31 आजारी, त्यांतल्या 28 जणांनी पनीर खाल्लेलं. मग रिस्क किती?

जुना_साथवाला: सांगता येणार नाही. पनीर खाऊन ठणठणीत राहिलेले रजिस्टरात येतच नाहीत. त्याच पंगतीतल्या काही न आजारलेल्यांना काय खाल्लं ते विचारा, मग तुलना होईल. आणि तिथे आकडेमोड यांचा ऑड्स रेशोच वापरावा लागेल.

आकडेमोड: चला, कुठेतरी चाललो! पण चॉकलेटचा 0.72 म्हणजे संरक्षणच ना? आकडा तसंच सांगतो.

जुना_साथवाला: नाही पटत. चॉकलेट न खाल्लेले 27, त्यांतले 20 आजारी. आता वर बघा: अख्ख्या यादीत व्हॅनिला न खाता आजारी पडलेले तीनच. म्हणजे या 20 पैकी किमान 17 जणांनी व्हॅनिला खाल्लेलं होतं. चॉकलेट टाळणारे व्हॅनिलाकडे गेले, एवढाच त्या 0.72 चा अर्थ. खात्री हवी तर व्हॅनिला खाणारे आणि न खाणारे वेगळे करून दोन्हींत चॉकलेटचा तक्ता मांड.

आकडेमोड: आणि ते तिघे? व्हॅनिला दोषी, तर ते कसे आजारी पडले?

जुना_साथवाला: विसरले असतील, एकच डाव दोन्ही भांड्यांत फिरला असेल, किंवा पोट दुसऱ्याच कारणाने बिघडलं असेल. यादीवरून ठरत नाही. पण म्हणून त्यांना वगळू नका.

मृण्मयी_एमपीएच: चॉकलेटला 47 आणि 27, बेरीज 74 च होते. एकाचा रकाना रिकामा आहे. त्याला 'नाही'त धरणार होते, आता नाही धरत.

आकडेमोड: मी तर 'नाही'तच धरलं असतं. खाल्लं असतं तर सांगितलं असतं की!