कबड्डीच्या उभं राहण्याचा नकाशा अक्षरांत कसा लिहायचा? फोटो उडालाय, शनिवारी सामना आहे

किनाऱ्यावरची: आमच्या जुन्या सरांनी बचावाची रचना वहीत काढून फोटो पाठवला होता. आता तो उघडतच नाही, सर गावी गेलेत, फोन लागत नाही. मुलींना व्हॉट्सअ‍ॅपवर मजकुरातच पाठवायची आहे, चौकटी-चौकटींत. कुणी नमुना देईल का? लवकर.

खाडीपलीकडचा: गॅलरीतल्या ट्रॅशमध्ये बघितलंत का? माझा लग्नाचा अल्बम तिथेच सापडला होता.

किनाऱ्यावरची: बघितलं. फोटो नकोच आहे, पुन्हा उडेल.

टेनिसबॉल: डीप मिडविकेट, लाँग ऑन वगैरे नावं लिहिली की पुरे. आमच्या कातळावर तर नावंही लागत नाहीत, "आंब्याखाली जा" म्हटलं की कळतं.

लाल माती: कबड्डी विचारताहेत हो. ताई, अर्धं मैदान १० मीटर रुंद, साडेसहा मीटर खोल. मीटरची एक चौकट धरा.

जुना पकडवीर: ते माप पुरुषांचं. मुलींचं मैदान १२ बाय ८, म्हणजे अर्धं ८ रुंद, ६ खोल. पुरुषांची निदानरेषा पावणेचार मीटरवर येते आणि चौकट मध्येच कापते. मुलींची बरोबर ३ वर आणि बोनस ४ वर, त्यामुळे रेषा चौकटींच्या कडेवरच बसतात. ताई, किती जणी असतानाची रचना? फोटोखाली काही लिहिलं होतं?

किनाऱ्यावरची: पाच जणी. खाली लिहिलंय: "दोन्ही कोपरे बोनसच्या लगेच मागे, इन त्यांच्या आत एक पाऊल खोल, सेंटर जरा उजवीकडे."

जुना पकडवीर: मग जवळजवळ सगळंच हातात आहे. मध्यरेषा वर, अंतिम रेषा खाली, आणि आपण आपल्याच मुलींच्या पाठीमागे उभे, असं धरा. कडेचे `#` म्हणजे लॉबी. झटापट सुरू होण्याआधी तिथे पाय गेला की बाद, म्हणून कोपरा दुसऱ्या आणि सातव्या उभ्या रांगेतच.

```
   12345678
1  #......#
2  #......#
3  #......#
4  #......#
5  #A....E#
6  #.B.CD.#
```

A, E कोपरे, B, D इन, C सेंटर. ओळ ३ च्या खाली निदानरेषा, ४ च्या खाली बोनस. पाठवताना आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक, म्हणजे ``` टाका, नाहीतर अक्षरांची रुंदी कमीजास्त होऊन रांगा सरकतात. मोकळ्या जागी टिंबंच ठेवा. मराठी अक्षरं घालू नका, काना-मात्रेने सगळं वाकडं होतं.

लाल माती: पाच जणी असताना बोनस नसतोच, तो सहा-सात जणी असतानाच. मग इतक्या मागे का उभ्या? एक ओळ पुढे घ्या.

जुना पकडवीर: बोनस नाही हे खरं. पण चढाईवालीला निदानरेषा ओलांडावीच लागते. मागे राहिलं की ती आत येते, पुढे आलात तर हात लावून पळते. सरांनी बोनसच्या मागे लिहिलंय, तर आज त्यांचंच ठेवा.

लाल माती: मातीवर ठीक. मॅटवर पाय सरकत नाही, तिथे पुढेच बरं.

मालवणी गडी: मातीची गोष्ट वेगळीच. माका वाटतां मॅट इलां आणि मजा गेली.

जुना पकडवीर: एक शंका राहतेच, "उजवीकडे" कुणाच्या? सर बचावाच्या समोर उभे राहून काढत असतील, तर त्यांचं उजवं म्हणजे मुलींचं डावं. बाकी आकृती दोन्ही बाजूंनी सारखीच आहे, चुकली तर फक्त सेंटर चुकेल. तिलाच विचारा, साखळीत कुणाचा हात धरायची.

किनाऱ्यावरची: विचारलं. डाव्या इनचा.

जुना पकडवीर: मग C पाचव्याऐवजी चौथ्या रांगेत. शेवटची ओळ:

```
6  #.BC.D.#
```

डावीकडे तिघींची साखळी, उजवीकडे दोघींची.

लाल माती: आणि पाचव्या रांगेत भोक! चढाईवाली तिथूनच आत शिरणार.

जुना पकडवीर: ते भोक मुद्दाम ठेवलंय की वहीत जागा सोडलीय, हे या ओळींवरून सांगता येणार नाही. शिवाय ही चढाईवाली मध्यरेषेवर असतानाची स्थिती आहे. ती डाव्या कोपऱ्याकडे वळली की A मागे जाईल, D-E पुढे येतील. ते दुसऱ्या चौकटीत लिहा, एकात कोंबू नका.

किनाऱ्यावरची: पाठवलं. एकीच्या फोनवर टिंबं दिसतात पण सातवी रांग खालच्या ओळीत जाते.

खाडीपलीकडचा: तिला स्क्रीनशॉट पाठवा.

जुना पकडवीर: फोनचा फॉन्ट मोठा असेल, लहान करायला सांगा. किंवा नुसतं `A 2-5, B 3-6, C 4-6, D 6-6, E 7-5` लिहा, आधी रांग, मग ओळ. हे कुठल्याही फोनवर मोडत नाही.

टेनिसबॉल: सामना कुठे आहे? यायचं म्हणतो.