बेसिनवरचे हिरवे डाग

"वडोदऱ्यात नव्या बंगल्यात तांब्याचे पाइप आणि अख्ख्या घराला आरओ आहे. बेसिनवर हिरवे डाग पडतात, बादलीत पाणी निळसर दिसतं. बोअर खराब असेल का?"

बोअरपेक्षा मला आरओचा संशय आहे. जड पाणी सहसा पाइपात क्षारांचा थर धरतं, त्यामुळे तांबं झाकलेलं राहतं. आरओ क्षार काढतो, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या पडद्यातून पार होतो. मग पाणी आम्लधर्मी होऊन तांबं खातं, आणि त्या तांब्याचेच हिरवे-निळे डाग पडतात.

सकाळचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, पाच मिनिटं नळ सोडून दुसरी भरा. पहिलीच निळी असेल तर तांबं घरच्याच पाइपातलं. आरओनंतरचा पीएच ६.५ खाली असेल तर पुढे आम्लता कमी करणारं कॅल्साइटचं फिल्टर जोडून घ्या. तोवर रात्रभर साचलेलं पाणी पिऊ नका, गरम नळाचं तर नाहीच.