मदत हवी आहे: एकाच हिऱ्याचे दोन रिपोर्ट, दोन वेगळे दर्जे. खडा बदलला गेला असेल का?

खानापूरची_शुभा

नमस्कार. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही, म्हणून इथे विचारते.

सासूबाईंची हिऱ्याची अंगठी आहे, २०१२ साली घेतलेली. घेताना सुट्या खड्याचा रिपोर्ट मिळाला होता, तो जपून ठेवलाय. आता धाकट्या नणंदेच्या लग्नात तोच खडा पेंडंटमध्ये बसवायचा म्हणून शहापूरच्या आमच्या सोनारमामांकडून काढून घेतला. आजेसासऱ्यांपासूनचं दुकान, आमच्यात नात्यासारखा राबता. मामा स्वतःच म्हणाले, "खडा सुटा आहे तोवर नवीन रिपोर्ट करून घ्या." म्हणून मुंबईच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. पाठवायचं कामही त्यांनीच केलं.

जुना रिपोर्ट: ०.८८ कॅरट, रंग एफ, शुद्धता व्हीएस२, माप ६.१६ – ६.१९ × ३.८० मिमी.
नवीन रिपोर्ट: ०.८८ कॅरट, रंग एच, शुद्धता एसआय१, माप ६.१५ – ६.१९ × ३.७९ मिमी.
दोन्हींवर गोल ब्रिलियंट, दोन्हींवर फ्लुरोसन्स मीडियम.

रंग दोन घरं खाली, शुद्धता एक घर खाली. त्यात दोन्ही कागदांवर खड्याची आकृती आहे आणि डागांच्या खुणा वेगळ्याच जागी आहेत. जुन्यात मोठी खूण घड्याळातल्या नऊच्या जागी, नव्यात साडेचारच्या. चुलतसासरे सरळ म्हणाले, "सोनारानं खडा बदलला." मामांना अजून कुणी तोंडावर विचारलेलं नाही. विचारलं तर तीन पिढ्यांचं नातं तुटेल, आणि नाही विचारलं तर घरात संशय राहील. कागदावरून खडा तोच आहे की नाही हे कळू शकतं का?

सीमेवरचा_गडी

ताई, खडा बदललेला नसणार. जगात जीआयए एकच खरी, बाकीच्या लॅब दुकानदाराला खूश करायला वरचा दर्जा देतात. आमचा सरळ हिशोब, दुसऱ्या कुठल्याही लॅबचा रिपोर्ट असला की रंगात दोन आणि शुद्धतेत एक घर वजा करायचं. तुमचं बरोबर तेवढंच उतरलंय बघा.

चिकोडी_सतीश

काय ओ, एवढा विचार कशाला करूलालाय? डायमंड टेस्टर मिळतंय की दुकानात. टोक टेकवायचं, आवाज आला की हिरा खरा. आमच्या भावानं तसंच बघितलं.

निपाणीची_सुमन

माझंही असंच झालंय गं. माझ्या कुड्यांबरोबर प्लास्टिकचं कार्ड आलं होतं, त्यावर रंग 'एफ-जी', शुद्धता 'व्हीएस-एसआय', वजन दोन्ही मिळून. मोडायला गेले तर म्हणाले जे-के आहे. मीही सोनारालाच दोष देत बसले होते. तुझ्या सासूबाईंचं पण कार्डच असेल, नीट बघ.

दहापट_भिंग

शुभाताई, मी मुंबईत हिऱ्यांच्या रंग-शुद्धतेच्या टेबलावर चौदा वर्षं काढली, आता हिंदवाडीत स्थायिक आहे. मामांकडे जायच्या आधी एक काम करा. ते घरीच होतं.

आधी खडा तोच आहे का ते ठरवू, दर्जाचं नंतर. दर्जा हे माणसांचं मत असतं, ते बदलू शकतं. वजन, माप आणि डागांची जागा खड्याच्या अंगच्या गोष्टी आहेत. वजन तुमचं कॅरटच्या शतांशापर्यंत सारखं आहे. मापात एक शतांश मिलिमीटरचा फरक आहे, तेवढा दोन यंत्रांत पडतोच. ताळा असा करा: नव्या रिपोर्टवरचा सरासरी व्यास ६.१७, त्याचा वर्ग साधारण ३८.१, गुणिले खोली ३.७९, गुणिले ०.००६१. उत्तर ०.८८ येतं. म्हणजे माप आणि वजन एकमेकांना धरून आहे, कागदावर खाडाखोड नाही.

पण सारख्या मापाचा दुसरा खडा बाजारात मिळू शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. खरा पुरावा आकृतीत आहे. तुमच्या चुलतसासऱ्यांची गफलत इथेच झाली असावी. गोल खड्याला वरची बाजू नसते. काढणारा खडा चिमट्यात जसा येईल तसा धरून आकृती काढतो. एका कागदावर नऊला असलेला डाग दुसऱ्यावर साडेचारला दिसू शकतो.

जुन्या आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून घेर आणि सगळ्या खुणा उतरवा. मग नवीन रिपोर्ट खिडकीच्या काचेला लावून त्यावर तो कागद फिरवा. आकृत्यांचा आकार लहानमोठा असेल तर आधी झेरॉक्सवर सारखा करून घ्या. गोल ब्रिलियंटच्या पैलूंची मांडणी आठ वेळा सारखी येते, म्हणून पैलूंच्या रेषा आठच जागी बसतील. त्यातल्या एका जागी खुणाही एकमेकींवर बसायला हव्यात. अंतर आणि दिशा दोन्ही बघा: जुन्यात मोठ्या खुणेपासून घड्याळाच्या दिशेने दोन तासांवर दुसरी असेल, तर नव्यातही तशीच हवी. उलट दिशेला आली तर थांबा, कारण खालच्या बाजूची आकृती आरशातल्यासारखी उलटी दिसते. वरची वरच्याशीच लावा.

सतीशभाऊ, टेस्टर उष्णता किती वेगाने वाहते ते बघतो. हिरा खाणीतला आहे का, कोणत्या दर्जाचा, हे त्याला कळत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही तो 'हिरा'च म्हणतो.

सुमनताई, तुमची गोष्ट खरी आहे, पण वेगळी आहे. तुमचे खडे सोन्यात बसलेले असताना बघितले होते. पिवळ्या सोन्याची छाया खड्यात उतरते, पंजाखालचा डाग दिसत नाही, म्हणून तिथे दोन घरांचा पट्टा लिहितात. शुभाताईंचे दोन्ही रिपोर्ट सुट्या खड्याचे आहेत.

खानापूरची_शुभा

काका, आत्ताच करून बघितलं. हात थरथरत होते, खरं सांगते. जुन्यात मोठी खूण नऊला आणि बारकी अकराला. नव्यात मोठी साडेचारला, बारकी साडेसहाला. कागद फिरवला तर एका जागी दोन्ही तंतोतंत बसल्या. पण नव्या आकृतीत कडेला तिसरी बारीक खूण आहे, ती जुन्यात नाही. खाली यादीत क्रिस्टल, फेदर, चिप असं लिहिलंय.

दहापट_भिंग

मग निश्चिंत व्हा, खडा तोच आहे. इतकी मापं, तोच फ्लुरोसन्स आणि त्याच अंतरावर त्याच दिशेला दोन खुणा असलेला दुसरा खडा मुद्दाम शोधूनही सापडणार नाही.

क्रिस्टल म्हणजे आत अडकलेला स्फटिकाचा कण, फेदर म्हणजे बारीक चीर, चिप म्हणजे कडेचा टवका. पंजात दाबताना, वापरताना किंवा काढताना गेला असेल. कधी गेला हे कागद सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. ती खूण पूर्वी पंजा होता तिथेच येते का, हे मामांकडे जुन्या अंगठीवरून बघता येईल. यादीत सहसा दर्जा ठरवणारा दोष आधी लिहितात. इथे क्रिस्टल पहिला आहे, म्हणून एसआय१ बहुधा टवक्यामुळे नसून क्रिस्टलमुळेच आहे. दहापट भिंगाखाली तो 'थोडं शोधून दिसतो' की 'सहज दिसतो' एवढ्याच फरकावर व्हीएस२ आणि एसआय१ ठरतं. सीमेवरच्या खड्यावर दोन अनुभवी माणसांची मतं वेगळी पडतात. म्हणूनच मोठ्या प्रयोगशाळांत एकापेक्षा जास्त माणसं एकमेकांचं उत्तर न बघता दर्जा देतात.

रंगाचा फरक जास्त आहे आणि त्याला एकच कारण नाही. रंग बघताना खडा पालथा ठेवून, बाजूने, ठरलेल्या रंगाच्या मास्टर खड्यांशी ताडून बघतात. जीआयएच्या पद्धतीत प्रत्येक मास्टर आपल्या घराच्या वरच्या टोकाचा असतो. एचच्या मास्टरपेक्षा जरा कमी पिवळा असलेला खडा जीमध्ये जातो, जरा जास्त पिवळा असला तर एचमध्येच राहतो. मास्टर घराच्या मधला धरला, तर तोच खडा एका अक्षराने वर किंवा खाली सरकू शकतो. दुसरं, तुमच्या खड्याचा फ्लुरोसन्स. तो निळा असेल तर अतिनील किरणांत निळी झाक सोडतो आणि ती पिवळेपणा झाकते. दिव्यात अतिनील किती आणि खडा दिव्यापासून किती जवळ, यावर रंग वर दिसू शकतो. पण मीडियममुळे दोन घरांचा सगळा फरक पडला असं मी म्हणणार नाही. त्यात जुन्या प्रयोगशाळेचा सैलपणाही असू शकतो.

सीमेवरचा_गडी

म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना? दोन घरं वजा.

दहापट_भिंग

निम्मं बरोबर आहे तुमचं. काही प्रयोगशाळा सैल असतात, बाजार त्यांच्या रिपोर्टला भावही कमी देतो. पण ठराविक वजाबाकी चालत नाही. तोच कागद दुसऱ्या खड्यावर एकही घर चुकलेला नसेल, तिसऱ्यावर तीन घरं चुकलेला असेल. सीमेवरचा खडा त्याच प्रयोगशाळेत परत पाठवला तरी एखादं घर हलू शकतं. मोडताना दुकानदार हीच सरसकट वजाबाकी लावतो तेव्हा चांगल्या खड्याचा मालक मार खातो, म्हणून मला ती पटत नाही.

दोन खड्यांत निवड करायची असेल तर दोघांचे रिपोर्ट एकाच प्रयोगशाळेचे मागावेत. तेही शक्य नसेल तर अक्षरं झाकून दोन्ही खडे पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथे ठेवून, एकाच दिव्याखाली बाजूने बघावेत. शुभाताई, तुम्हीही असं करा: दुकानात ज्याच्या एच रंगाबद्दल शंका नाही असा सुटा खडा मागा आणि तुमचा त्याच्या शेजारी ठेवा. आधी एलईडीखाली, मग दारात दिवसाच्या उजेडात. उजेडात तुमचा जास्त पांढरा दिसला तर फ्लुरोसन्सचा हात आहे असं धरा.

निपाणीची_सुमन

काका, मग मी माझ्या कुड्यांतले खडे काढून पाठवू का? प्रत्येकी वीस सेंट आहेत.

दहापट_भिंग

वीस सेंटच्या खड्याला रिपोर्टचा आणि काढून परत बसवण्याचा खर्च झेपतो का ते आधी विचारा. विकायचे नसतील तर मी काढणार नाही.

खानापूरची_शुभा

आज मामांकडे जाऊन आले, चुलतसासऱ्यांना बरोबर घेऊन. ट्रेसिंग पेपर त्यांच्याच काचेच्या काउंटरवर फिरवून दाखवला. चुलतसासरे काही बोलले नाहीत, पण दोनदा स्वतः फिरवून बघितला. मामांनी अंगठीचं रिकामं कोंदण काढलं. टवका एका पंजाच्या जागी येतो. मामा म्हणाले तो काढताना गेलेला नाही, पंजा आधीच वाकलेला होता. मला ते खरं वाटतंय, चुलतसासऱ्यांना अजून नाही.

शेजारी ठेवायला सुटा एच खडा मामांकडे नव्हता, सोमवारी मागवतो म्हणाले. एक विचारायचं राहिलं: पेंडंट करताना टवका परत पंजाखाली घ्यायचा, की कडेला नुसती पट्टी फिरवून घ्यायची? पंजाच्या दाबाने तो वाढतो का?

दहापट_भिंग

वाढू शकतो. पट्टी फिरवतानाही दाब येतोच, पण पूर्ण झाल्यावर कड सगळीकडून झाकली जाते. टवक्यातून आत चीर गेली आहे का ते आधी भिंगाखाली बघू दे मामांना. सोमवारी मीही शहापूरलाच आहे, चालत असेल तर येतो.