उशिरा वयात येणारा मुलगा

> मुलगा चौदाचा होत आला. वर्गात सगळ्यांत बुटका, आवाज फुटलेला नाही. पोरं ‘बाळ’ म्हणतात. वाट पाहावी का?

आवाज आणि मिसरूड या नंतरच्या खुणा. सुरुवात वृषणं मोठी होण्यापासून होते आणि ती वर्गाला दिसत नाही. 14 पूर्ण होऊनही तो बदल नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. ते मागे असेल आणि वडीलही उशिरा वाढले असतील, तर बहुधा नुसता उशीरच असतो. नुसतं “वाढशील रे” म्हणण्यापेक्षा तो एक्स-रेच त्याला समजावून सांगा.

खरं नुकसान मैदानावर होतं, असं मला वाटतं. वयोगटाच्या संघात दांडगी मुलं निवडली जातात, हा बाहेर बसतो आणि सरावच सुटतो. प्रशिक्षकांशी आत्ताच बोला.