सहा रकाने, एकरंगी आयकॉन आणि नवा लाँचर: ॲप लवकर सापडते की हरवते?

केतकी

माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये सुमारे 140 ॲप्स आहेत. होम स्क्रीनची चार पाने भरली आहेत आणि फोनसोबत आलेला लाँचर, म्हणजे होम स्क्रीन चालवणारे ॲप, चार रकाने व पाच ओळींच्या पुढे जाऊ देत नाही. नवा लाँचर घेऊन सहा रकाने, सात ओळी कराव्यात आणि सगळीकडे एकाच रंगाच्या रेषांचा आयकॉन पॅक लावावा, असा विचार आहे. यातले आधी काय ठरवावे? आणि एवढे केल्यावर ॲप लवकर सापडेल, की उलटेच होईल?

धनंजय

आधी ग्रिड, म्हणजे रकाने आणि ओळी किती, ते ठरवा. पॅक आणि लाँचर नंतर कधीही बदलता येतात, पण ग्रिड बदलला की मांडलेला सगळा पट विस्कटतो.

ग्रिडचा हिशेब पिक्सेलमध्ये नव्हे, डीपीमध्ये, म्हणजे पडद्याची घनता धरून ठरणाऱ्या मापात करावा लागतो. ‘Developer options’मध्ये ‘Smallest width’ अशी एक ओळ असते. फोन उभा धरलेला असताना तोच आकडा आपल्या पडद्याची रुंदी असतो. फोन संगणकाला जोडता येत असेल, तर या दोन आज्ञा पुरतात:

```
adb shell wm size
adb shell wm density
```

समजा रुंदी 1080 आणि घनता 420 आली. 1080 ला 160 ने गुणून 420 ने भागले की सुमारे 411 डीपी मिळतात. दोन्ही कडांना आठ-आठ सोडल्यावर 395 उरतात. म्हणजे चार रकान्यांत प्रत्येक घर 99 डीपीचे, पाचात 79 चे आणि सहात 66 चे. बोटासाठी निदान 48 डीपी जागा असावी असे गूगलचेच मार्गदर्शन आहे, त्यामुळे सहा रकान्यांत बोट चुकेल ही भीती नको. अडचण नावाची होते. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत 66 डीपीमध्ये जेमतेम नऊ-दहा रोमन अक्षरे मावतात आणि पुढे टिंबे येतात.

म्हणून माझे मत असे, की होम स्क्रीन आणि सगळी ॲप्स एकत्र दाखवणारा ॲप ड्रॉवर यांना एकच ग्रिड लावू नये. होम स्क्रीनवर आपण वाचत नाही. तिसऱ्या ओळीत उजवीकडे कॅमेरा आहे हे अंगठ्याला ठाऊक असते. तिथे नावे बंद करून सहा रकाने खुशाल करा. ड्रॉवरमध्ये मात्र आपण क्वचित लागणारे ॲप शोधायला जातो आणि ते नाव वाचूनच सापडते, म्हणून तिथे चार किंवा फार तर पाच रकाने ठेवा. पाच रकाने आणि सात ओळींत एका पडद्यावर 35 ॲप्स दिसतात, म्हणजे आपली 140 ॲप्स चार पडद्यांत संपतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सगळेच तिच्यावर चिडतात. विजेट घरे मोजून बसलेले असते. पाच रकान्यांत चार घरे व्यापणाऱ्या विजेटला 316 डीपी रुंदी मिळते. ग्रिड सहाचा केला की तेच विजेट त्याच चार घरांत 264 डीपीवर येते. मग घड्याळाचा शेवटचा आकडा कापला जातो, किंवा हवामानाच्या विजेटमधून पुढच्या दिवसांची ओळच गायब होते. विजेट बिघडलेले नसते. त्यावर बोट दाबून धरावे आणि कडा एका घराने ओढावी.

रेवा

धनंजय यांचा हिशेब बरोबर आहे, पण आयकॉन पॅकच्या प्रश्नाला त्यांनी हातच लावला नाही, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे होते. मी एकरंगी रेषांचा पॅक दोन आठवडे वापरला. पहिल्या दिवशी पडदा इतका देखणा दिसत होता, की मी उगाचच फोन उघडून पाहत होते. तिसऱ्या दिवशी घरच्यांसाठी लिहिलेला निरोप कार्यालयाच्या गटात गेला, कारण माझ्याकडे निरोपांची तीन ॲप्स आहेत आणि त्या पॅकमध्ये तिन्हींच्या आयकॉनांत संवादाचा फुगाच होता. एकात ठिपके, एकात बाण, एकात काहीच नाही. रंग असताना डोळा हिरवे, निळे, जांभळे असे दुरूनच वेगळे करतो; रंग काढून घेतला की प्रत्येक चित्र जवळून पाहावे लागते. पॅक लावायचाच असेल तर आकार एकसारखा करणारा आणि मूळ रंग राखणारा निवडावा.

सुभाष

आयकॉन पॅक या प्रकाराच्याच मी विरुद्ध आहे. तो सतत मागे चालू राहतो आणि बॅटरी खातो. शिवाय तो टिकत नाही. माझ्याकडे एका सकाळी नोंदवहीचे ॲप अपडेट झाले आणि त्याचा आयकॉन पुन्हा मूळ रूपात आला. लाँचरची कॅशे पुसली, फोन बंद करून चालू केला, तरी तसेच. ज्या गोष्टीची कॅशे एवढी नाजूक, तिच्यावर पैसे का घालवावेत?

धनंजय

सुभाष, आपली तक्रार खरी आहे. निदान चुकले आहे. पॅक म्हणजे मुख्यतः चित्रांचा साठा आणि एक यादी. लाँचर ती यादी वाचतो आणि चित्र उचलतो. त्यासाठी पॅकला मागे चालत राहावे लागत नाही. `appfilter.xml` नावाच्या त्या यादीतली एक ओळ अशी असते:

```xml
<item component="ComponentInfo{com.example.notes/com.example.notes.MainActivity}"
      drawable="notes" />
```

डावीकडे ॲपचे आणि त्याच्या पहिल्या पडद्याचे अंतर्गत नाव, उजवीकडे चित्राचे. अपडेटमध्ये ॲपकर्त्याने त्या पडद्याचे नाव बदलले, की ही ओळ कोणालाच लागू होत नाही आणि लाँचर मूळ आयकॉनकडे परततो. एकाच ॲपचा आयकॉन बदलला आणि बाकीचे जागेवर राहिले, तर बहुधा हेच घडलेले असते, कॅशेचा संबंध नसतो. पॅकच्या पुढच्या अपडेटची वाट पाहावी, किंवा आयकॉनवर बोट दाबून धरून पॅकमधले चित्र स्वतः नेमावे.

रेवा यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. जागा पाठ असलेल्या होम स्क्रीनवर रंगाविना चालून जाते. ज्यांची जागा शेजारी-शेजारी आहे आणि काम सारखे आहे, अशा तीन-चार ॲप्सना तेवढे मूळ आयकॉन परत द्यावेत; बहुतेक लाँचरमध्ये तशी सोय असते.

रेवा

तीन-चारांना मूळ आयकॉन द्यायचे, तर मग एकसारखेपणासाठी लावलेल्या पॅकचे उरले काय? आणि ड्रॉवरचे काय करायचे, जिथे जागा पाठ नसते हे आपणच म्हणालात?

वसंतराव

चर्चा वाचली. डीपी 411 म्हणजे काय ते प्रथम कळेना. व्हॉट्सॲपवर मी नातवाचा फोटो लावला आहे, त्याचा रकान्यांशी काय संबंध, असे वाटत राहिले. असो. माझी अडचण उलटी आहे. मला अक्षरे मोठी हवीत म्हणून मुलीने ‘Display size’ वाढवून दिले, आणि तेव्हापासून होम स्क्रीनवरचे कॅलेंडर अर्धवट दिसते. ग्रिडला मी हात लावलेला नाही.

धनंजय

वसंतराव, आपले उदाहरण इथे अगदी जागेवर आहे. ‘Display size’ वाढवले की घनता वाढते आणि डीपीमधली रुंदी घटते. घनता 420 वरून 480 झाली, तर तोच 1080 पिक्सेलचा पडदा 411 ऐवजी 360 डीपीचा होतो. रकाने तेवढेच राहतात, घरे मात्र अरुंद होतात, म्हणून कॅलेंडर कापले गेले. आपण एक रकाना कमी करावा, किंवा ‘Display size’ पूर्ववत करून फक्त ‘Font size’ वाढवावे. त्याने घरांची मापे हलत नाहीत. केतकी, आपणही ही सेटिंग तपासून मगच वरचा हिशेब धरा, कारण 360 वर सहा रकाने म्हणजे जेमतेम 57 डीपीचे घर.

मंदार

रकाने चार की सहा, हा वादच मला व्यर्थ वाटतो. 140 ॲप्सपैकी रोज लागणारी आठ-दहा असतात. मी नायगारा लाँचर वापरतो: मोजक्या ॲप्सची उभी यादी, बाजूला मुळाक्षरांची पट्टी, ग्रिड नाहीच. अंगठा अक्षरावर नेला की त्या अक्षराची ॲप्स समोर येतात. आयकॉनचा रंग, आकार, पॅक यांतल्या कशानेही मला आज फरक पडत नाही. कितीही नीट लावलेली 42 घरे शेवटी डोळ्यांनी चाळावीच लागतात.

केतकी

मंदार, मला ॲपचे नाव आठवत नाही हीच तर अडचण आहे. ‘ते निळे, बाण असलेले’ एवढेच आठवते. यादी माझ्या उपयोगाची नाही, आणि आता रेवा यांच्यामुळे एकरंगी पॅकचीही भीती वाटू लागली आहे.

शलाका

लाँचर बदलण्याची किंमत अजून कोणी सांगितली नाही. अँड्रॉइड 9 पासून अलीकडील ॲप्सचा पडदा फोनसोबत आलेल्या लाँचरचाच भाग झाला आहे. आपण दुसरा लाँचर लावला तरी तो पडदा जुनाच लाँचर दाखवतो. बटणे वापरणाऱ्याला हे जाणवतही नाही, पण जेश्चरने खालून वर सरकवून होम स्क्रीनवर येताना दोन लाँचरांच्या सांध्यावर क्षणभर अडखळल्यासारखे होते, आयकॉन झपकन उमटतात, आणि काही फोनांवर हे रोज शंभर वेळा दिसते. अँड्रॉइड 10 सुरुवातीला आले तेव्हा तर बाहेरच्या लाँचरबरोबर नवी जेश्चर चालतच नव्हती. आता चालतात, सफाई मात्र फोनगणिक वेगळी. आणि जागा वाचवायला कोणी जुना लाँचर बंद करू नये. अलीकडील ॲप्सचा पडदा त्याच्याबरोबर जातो.

माझे मत विचाराल, तर आहे त्याच लाँचरमध्ये राहावे, चारातली दोन पाने रिकामी करावीत, आणि अँड्रॉइड 13 किंवा पुढचे असेल तर वॉलपेपरच्या रंगातले आयकॉन चालू करून पाहावेत.

सुभाष

ते रंगीत आयकॉन मी पाहिले आहेत. निम्मी ॲप्स रंगात, निम्मी जशीच्या तशी. पॅकपेक्षा ते वाईट दिसते.

धनंजय

ॲपकर्त्याने आयकॉनचा एकरंगी थर पुरवलेला नसेल तर तसे होते, हे खरे आहे. पॅकमध्येही यादीबाहेरची ॲप्स असतातच. तिथे पॅक मूळ आयकॉनच्या मागे स्वतःची चकती लावून वेळ मारून नेतो. म्हणून पैसे देण्याआधी पॅकच्या ॲपमध्ये आयकॉनची मागणी नोंदवण्याचे पान असेल तर ते उघडावे. आपल्या फोनमधली कोणकोणती ॲप्स यादीत नाहीत, ते तिथे दिसते. 140 मधली 10 निघाली तर हरकत नाही, 50 निघाली तर तो पॅक आपला नव्हे.

शलाका यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण चार रकान्यांत कोंडून घेण्याइतका तो मोठा वाटत नाही. लॉनचेअरसारखा मुक्त स्रोत लाँचर आठवडाभर लावून, जेश्चर आपल्या फोनवर अडखळते का, हे स्वतः पाहता येते. जुना पट तोवर जुन्या लाँचरमध्ये तसाच राहतो.

शलाका

आठवडाभरात माणसाला अडखळण्याची सवय होते, आणि मग ते जाणवत नाही असे तो इतरांना सांगू लागतो.

केतकी

कळवते. ‘Smallest width’ 411 आले. लॉनचेअर लावला, होम स्क्रीन पाच रकाने व सहा ओळी, नावे बंद. ड्रॉवर चार रकाने, नावांसह. चार पानांची दोन झाली. सहा रकाने एक दिवस करून पाहिले होते, पण विजेटे अरुंद होतात हे ठाऊक असूनही घड्याळ ओढून पाच घरांचे करण्याची वेळ आली आणि शेजारचे घर वाया जाऊ लागले. मग पाचावर परत आले, तेव्हा शेवटच्या रकान्यातले काही आयकॉन पुन्हा मांडावे लागले. मांडणीचा बॅकअप आधी घ्यायला हवा होता. विजेटे तर लाँचर बदलतानाच एकेक करून नव्याने ठेवावी लागली होती.

एकरंगी पॅकच्या यादीबाहेर माझी 31 ॲप्स निघाली, म्हणून सध्या मूळ रंग राखणारा गोल आकाराचा पॅक लावला आहे. होम स्क्रीनवर येताना आयकॉन झपकन उमटतात, शलाका म्हणाल्या तसेच. ते खटकते आहे. आणखी चार दिवस पाहते.